जॅकेटवरचा चेहरा कोणाचा?

"जुन्या पुस्तकाच्या जॅकेटवर एका बाईंचा फोटो आहे, खाली नाव नाही. नेटवरच्या एका फोटोशी चेहरा अगदी जुळतो. मग त्याच बाई असं धरायचं का? आणि नाही, तर शोधायचं कसं?"

नाही धरायचं. चेहरा जुळला तर फार तर कुठे शोधायचं ते कळतं, नाव कळत नाही. स्टुडिओतल्या जुन्या फोटोंमध्ये खुर्ची, पडदा, केसांचा भांग, बसण्याची ढब सगळं ठरावीक असायचं आणि फोटोग्राफर निगेटिव्हवर पेन्सिल फिरवून चेहरे गुळगुळीत करायचे, त्यामुळे दोन परक्या बायकाही बहिणी वाटतात. शिवाय आठवणींच्या किंवा घराण्याच्या पुस्तकात जॅकेटवर आजी, आई, मावशी यांच्यापैकीच कुणीतरी असण्याचा संभव जास्त, आणि त्या एकमेकींसारख्या दिसणारच. आणि ज्या नेटवरच्या फोटोशी आपण ताडून बघतो, त्याखालचं नाव तरी कुणी आणि कशावरून घातलं? बऱ्याचदा तेही चेहरा बघूनच घातलेलं असतं.

तेव्हा फोटो बाजूला ठेवा आणि पुस्तक वाचायला घ्या. वाचताना तीन माणसं वेगळी ठेवा: फोटोत दिसणारं, फोटो काढणारं आणि फोटो देणारं. पुस्तकात बहुधा दुसऱ्या-तिसऱ्याचं नाव असतं आणि घाईत ते पहिल्याला चिकटवलं जातं. 'छायाचित्र : अमुक' म्हणजे अमुकने फोटो काढला. 'छायाचित्र सौजन्य : तमुक' म्हणजे तमुकच्या घरून किंवा संस्थेकडून तो मिळाला. 'मुखपृष्ठ : अमुक' यात तर फोटोचा संबंधच नाही, ते चित्रकाराचं किंवा मांडणी करणाऱ्याचं नाव. लेखिकेच्या नावाजवळ दिसणारं आडनाव फोटोतल्या बाईंना देऊन टाकण्याची चूक इथूनच सुरू होते.

आता जॅकेटची आतली घडी, म्हणजे फ्लॅप. पुढच्या फ्लॅपवर पुस्तकाविषयी मजकूर असतो. तो लांबला तर मागच्या फ्लॅपवर उतरतो आणि त्याखाली लेखकाचा परिचय येतो. परिचयाला लागून छोटा फोटो असेल तर तो लेखकाचा, हा संकेत बहुतेक वेळा टिकतो. अनुवादित पुस्तकात मात्र सांभाळा, तिथे मूळ लेखक आणि अनुवादक दोघांचे परिचय असून फोटो एकाचाच असू शकतो. मुखपृष्ठावरच्या मोठ्या फोटोला हा संकेत लागू नाही. त्याची ओळ मागच्या फ्लॅपच्या अगदी तळाशी, बारीक टाइपात शोधायची. तिथे नसेल तर फोटोच्या कडेला उभी छापलेली, आणि तीही नसेल तर मुखपानाच्या पाठीमागे, हक्क, मुद्रक आणि आवृत्त्या दिलेल्या पानावर. चकचकीत लॅमिनेशनखाली बारीक अक्षरं समोरून दिसत नाहीत, दिव्याखाली जॅकेट तिरकं धरलं की उमटतात. ती ओळ संपूर्ण उतरवून घ्या, स्वल्पविरामासकट. दोन नावांमध्ये स्वल्पविराम आहे की 'यांच्या संग्रहातून' आहे, यावर सगळा अर्थ फिरतो.

फ्लॅपवरच्या मजकुराचं स्वतःचं एक वजन आहे आणि ते ओळखून वापरावं. तो विक्रीसाठी लिहिलेला असतो, बऱ्याचदा संपादकाने किंवा प्रकाशकाच्या माणसाने. त्यात 'या तेजस्वी डोळ्यांच्या मुलीची ही कहाणी' असं असेल तर तो पुरावा नाही, ते मुखपृष्ठ बघून सुचलेलं वाक्य आहे. उलट 'मुखपृष्ठावर लेखिकेची आजी, लग्नानंतरच्या वर्षी' इतकं रुक्ष वाक्य असेल तर ते लेखिकेकडूनच आलेलं असणार, कारण ही माहिती दुसऱ्या कुणाकडे नसते. जितकं रुक्ष, तितकं भरवशाचं.

ऋणनिर्देश मागून पुढे वाचावा. सुरुवातीला संस्था आणि गुरुजन असतात, फोटो देणारी आत्या किंवा मामेभाऊ शेवटच्या एक-दोन परिच्छेदांत. 'अल्बम', 'परवानगी', 'उपलब्ध करून दिला', 'जपून ठेवलेला' हे शब्द शोधा. समजा तिथे लिहिलंय: 'माईचा एकमेव फोटो सुमनमावशीने जपून ठेवला होता, तो तिने मुखपृष्ठासाठी दिला.' इथे दिसणारी माई, देणारी सुमनमावशी. आता माई कोण हे अर्पणपत्रिकेतून आणि पुस्तकातून काढायचं. मराठी घरांत सख्खी आई, आजी, मोठी जाऊ, कुणालाही माई म्हणतात, म्हणून केवळ या संबोधनावर नातं बसवू नका. पुस्तकात माईचं नाव किंवा लेखिकेशी नातं स्पष्ट सांगणारं एक वाक्य मिळालं की साखळी पुरी झाली. या सगळ्यात चेहऱ्याकडे एकदाही बघावं लागलं नाही.

हे सगळं एका गोष्टीवर कोसळतं, ती म्हणजे आवृत्ती. दुसऱ्या किंवा तिसऱ्या आवृत्तीला मुखपृष्ठ बदलतं, पण ऋणनिर्देश पहिल्या आवृत्तीचाच जसाच्या तसा छापला जातो. मग 'मुखपृष्ठासाठी फोटो दिल्याबद्दल' मानलेले आभार आता हातातल्या पुस्तकावर नसलेल्या फोटोबद्दल असतात. मनोगताखालची तारीख आणि आवृत्तीची तारीख यांत काही वर्षांचं अंतर असेल तर संशय घ्यावा. पहिल्या आवृत्तीची प्रत किंवा निदान तिच्या मुखपृष्ठाचं चित्र बघितल्याशिवाय पुढे जाऊ नये. जुन्या बाजारातल्या प्रतींवर दुसऱ्याच प्रतीचं जॅकेट चढवलेलंही सापडतं. जॅकेटवर आणि आतल्या पानावर आयएसबीएन असेल तर दोन्ही ताडून बघा, न जुळले तर संशय घ्यावा. ग्रंथालयाच्या प्रतींची अडचण वेगळी. बांधणी करताना जॅकेट जातं, किंवा फ्लॅप कापून पुठ्ठ्याच्या आत चिकटवतात आणि नेमकी तळाची ओळ कात्रीत जाते.

ओळ सापडली पण तिच्यात माणसाऐवजी संग्रहालयाचं नाव निघालं, तर काय करायचं ते एका प्रत्यक्ष फोटोवर दाखवतो. साडी नेसून बसलेल्या तरुण आनंदीबाई जोशी, शेजारी किमोनोतली जपानी विद्यार्थिनी आणि पलीकडे सीरियाच्या पोशाखातली तिसरी, हा फोटो मराठी वाचकांच्या परिचयाचा आहे. समजा, एखाद्या जॅकेटवर त्यातली फक्त साडीतली बाई कापून घेतली आहे आणि फ्लॅपच्या तळाशी फिलाडेल्फियाच्या ड्रेक्सेल विद्यापीठातल्या वैद्यकीय संग्रहाचं नाव आहे. साडी बघून नाव सांगण्याचा मोह होतो, पण साडीवरून देश कळतो, बाई नाही. हा संग्रह, या तिघी जिथे शिकल्या त्या विमेन्स मेडिकल कॉलेज ऑफ पेनसिल्व्हेनियाची जुनी कागदपत्रं सांभाळतो. तिथे अख्खा फोटो मिळतो आणि त्यावर तिघींची नावं आणि गावं लिहिलेली आहेत: आनंदीबाई जोशी, टोकियोच्या केई ओकामी आणि दमास्कसच्या इस्लामबुली. तारीख १० ऑक्टोबर १८८५.

आता जॅकेटवरचा तुकडा याच फोटोचा आहे का, एवढंच बघायचं. इथे डोळे वापरायला हरकत नाही, कारण आपण माणसाशी माणूस जुळवत नाही, छाप्याशी छापा जुळवतोय. त्यासाठी चेहरा सोडून बाकी सगळं बघा: साडीच्या चुण्या, हाताची ठेवण, कापलेल्या कडेशी उरलेला शेजारणीच्या बाहीचा तुकडा. मांडणी करणारे कधीकधी फोटो आरशातल्यासारखा उलटा छापतात, तेही तपासा. पदराच्या खांद्यावरून हे ठरवू नका, कारण गुजराती पद्धतीत पदर उजव्या खांद्यावरूनच येतो. किमोनोचा उपयोग होतो, कारण जिवंत माणसाच्या अंगावर त्याची डावी बाजू उजवीच्या वर असते. पण जॅकेटवर साडीतली बाई एकटीच असेल तर मूळ फोटोशी ताडून बघण्याला पर्याय नाही.

मूळ फोटो मिळाल्यावर फ्लॅपवरचा मजकूरही तपासून होतो. त्यात 'पदवीदान समारंभाच्या वेळी' असं असेल तर ते चूक, कारण आनंदीबाईंना पदवी मिळाली मार्च १८८६ मध्ये. फोटो आधीच्या ऑक्टोबरचा, म्हणजे त्या विद्यार्थिनी असतानाचा. गंमत म्हणजे फोटोवर तिघींच्याही नावाआधी 'डॉ.' आहे, आणि ओकामींना पदवी मिळाली १८८९ मध्ये. म्हणजे ही अक्षरं फोटोच्या दिवशीची नसावीत, नंतर कुणीतरी जाणत्या माणसाने घातलेली असावीत. आनंदीबाई तोवर हयात नव्हत्या, त्या फेब्रुवारी १८८७ मध्ये गेल्या. इस्लामबुलींचं पहिलं नाव तर कुठे साबात, कुठे ताबात असं सापडतं. याचा अर्थ नावं खोटी असा नाही. ती लिहिणाऱ्याला कॉलेज आणि विद्यार्थिनी ठाऊक होत्या, फक्त तारीख आणि हस्ताक्षर वेगळ्या काळातले धरायचे.

संग्रहालयाऐवजी गेटी इमेजेस, अलामी, शटरस्टॉक अशा फोटो विकणाऱ्या एजन्सीचं नाव निघालं तर दोन शक्यता असतात. एक, पैसे घेऊन उभी राहिलेली मॉडेल, जिचा पुस्तकाशी काही संबंध नाही. कादंबऱ्यांवर बहुधा हेच. दुसरी, त्याच एजन्सीकडे असलेला जुना वृत्तपत्रीय फोटो, ज्याच्या मूळ नोंदीत खरं नाव असू शकतं. फोटोचा क्रमांक मिळाला तर एजन्सीच्या साइटवर ती नोंद उघडून वाचा. क्रमांक नसेल तर प्रकाशकाला पत्र टाका आणि 'फोटोतली व्यक्ती कोण' असं न विचारता 'फोटो कुठून घेतला' असं विचारा. पहिल्या प्रश्नाला अंदाज मिळतो, दुसऱ्याला पावती.

शेवटी वहीत किंवा सूचीत लिहिताना नावापुढे ते कशावरून लिहिलं तेही लिहा: 'मागचा फ्लॅप, पहिली आवृत्ती' किंवा 'ऋणनिर्देश आणि अर्पणपत्रिका यांवरून'. दोन ठिकाणं जोडून निष्कर्ष काढला असेल तर 'अनुमान' म्हणा. आणि फ्लॅप, हक्काचं पान, ऋणनिर्देश, आतली चित्रं, प्रकाशक यांपैकी कुणीच काही सांगत नसेल तर 'अज्ञात स्त्री, अंदाजे अमुक दशक' असं लिहून थांबायचं. तिथे चेहऱ्यावरून नाव भरलं, तर पुढच्या माणसाला नेटवर तेच नाव सापडेल आणि तो तुमच्याच नोंदीशी चेहरा जुळवत बसेल.