दगडात कोंडलेला वायू

आमचे भूगोलाचे सर एका उन्हाळ्यात आम्हाला शाळेजवळच्या विहिरीवर घेऊन गेले आणि काळ्या पाषाणातली ओली रेघ दाखवून म्हणाले, "पोरांनो, पाणी दगडात नसतं, सांध्यात असतं." पुढे नैसर्गिक वायूच्या क्षेत्रात भूवैज्ञानिक म्हणून काम करताना मला या विधानाची दुसरी बाजू दिसली. शेलमध्ये वायू दगडातच असतो. त्याला बाहेर आणणारा सांधा मात्र नसतो.

असा वायू धरून ठेवणारा शेल हा प्राणवायू नसलेल्या पाण्याच्या तळाशी साचलेल्या बारीक चिखलाचा खडक आहे. त्यात गाडल्या गेलेल्या शेवाळाचे केरोजेन, म्हणजे घट्ट सेंद्रिय द्रव्य, बनते, आणि थर खोल जाऊन शंभर अंशांच्या आसपास तापला की त्यातून आधी तेल व अधिक तापल्यावर वायू सुटतो. यातला काही भाग वर सरकतो. मुंबई हायच्या चुनखडकातले तेलही असेच खालच्या शेलमधून आले आहे. उरलेला वायू मात्र काही नॅनोमीटर रुंदीच्या छिद्रांत आणि केरोजेनच्या पृष्ठभागाला चिकटून तिथेच राहतो.

चांगल्या वालुकाश्माच्या तुलनेत शेलमधून वायू वाहण्याची क्षमता लाखो पटींनी कमी असते, आणि वायूला लागणारा वेळ अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. वायूला भेगेपर्यंत शंभर मीटरऐवजी दहाच मीटर जावे लागले, तर वेळ शंभरपट कमी लागतो. हायड्रॉलिक फ्रॅक्चरिंग खडकाची जात बदलत नाही. ते फक्त हे अंतर तोडते. आडव्या विहिरीत टप्प्याटप्प्याने प्रचंड दाबाने पाणी सोडून उभ्या भेगा पाडतात आणि त्या पुन्हा मिटू नयेत म्हणून पाण्याबरोबर वाळू भरतात. भेग जेमतेम काही मिलिमीटर रुंद असते. वाळू तोंडाशीच अडकली की पंपावरचा दाब एकदम उसळतो आणि तो टप्पा तिथेच थांबवावा लागतो.

टेक्सासमधल्या बार्नेट शेलमध्ये जॉर्ज मिचेल यांच्या कंपनीने १९८१ पासून विहिरी घेतल्या, पण भेगा पाडण्यासाठी वापरलेले दाट जेल महाग पडे. पाण्याने चिकणमाती फुगेल, अशी तेव्हा धास्ती होती. तरीही १९९८ च्या सुमारास तिथे घर्षण कमी करणारे रसायन मिसळलेले साधे पाणी आणि थोडी वाळू वापरली गेली, आणि खर्च उतरूनही उत्पादन वाढले. यात त्या खडकाचाही वाटा होता, कारण बार्नेटमध्ये सिलिका भरपूर असल्याने तो ठिसूळपणे तडकतो. चिकणमाती जास्त असलेल्या शेलमध्ये वाळूचे कण खडकातच रुततात आणि भेग मिटत जाते, म्हणून टेक्सासची कृती जशीच्या तशी दुसरीकडे चालेल असे मी तरी धरून चालत नाही.

भेगेलगतचा वायू लवकर निघून जातो, त्यामुळे अशा विहिरीचे उत्पादन पहिल्या वर्षातच निम्म्याहून खाली येऊ शकते. त्यानंतर आतल्या खडकातून झिरपेल तेवढ्यावरच विहीर चालते, आणि उत्पादन टिकवायचे तर शेजारी नवी विहीर घ्यावी लागते.