सूर्याला अर्घ्य : स्क्रिप्ट लिहिण्याचा माझा अनुभव

रथसप्तमीसाठी आमच्या वाड्यावरच्या महिला मंडळाला सूर्याला अर्घ्य कसं द्यायचं याचा एक छोटासा व्हिडिओ करायचा होता आणि त्याची स्क्रिप्ट मी लिहावी असं ठरलं. आमचं गाव गोव्यात, वाळपईच्या बाजूला, सत्तरीत.

कृतीचा भाग पटकन झाला. आंघोळ करून पूर्वेकडे तोंड करून उभं राहायचं, तांब्याच्या धातूचा तांब्या घ्यायचा, त्यात स्वच्छ पाणी, थोडं रक्तचंदन, अक्षता आणि लाल फूल, आमच्याकडे परसातली जास्वंद असतेच. मग दोन्ही हातांनी तांब्या छातीपर्यंत उचलून बारीक धारेने तीनदा पाणी सोडायचं, पाणी पायावर उडू नये म्हणून खाली परात ठेवायची आणि ते नंतर झाडाला घालायचं. मंत्र सोपा घेतला, "एहि सूर्य सहस्रांशो तेजोराशे जगत्पते, अनुकम्पय मां भक्त्या गृहाणार्घ्यं दिवाकर". म्हणजे हजार किरणांच्या सूर्या ये, तेजाच्या राशी, जगाच्या स्वामी, माझ्यावर कृपा कर आणि हे अर्घ्य घे. घरी आलेल्या मोठ्या माणसाला पाणी देऊन मान द्यायचा तोच हा मान, असं भटजींनी सांगितलं. तैत्तिरीय आरण्यकातली गोष्टही त्यांनीच सांगितली, की राक्षस सूर्याशी लढतात आणि अर्घ्याचं पाणी वज्र होऊन त्यांना दूर फेकतं.

खरा वेळ गेला तो "बघायचं कुठे" या एका ओळीवर. मंडळातल्या बहुतेकजणींचं म्हणणं होतं की पाण्याच्या धारेतून सूर्याकडे बघायचं, पाण्याने किरणं गाळली जातात, डोळ्यांना चांगलं. मी हे तसंच लिहायला तयार नव्हते. पाणी पारदर्शक असतं, दिसणारा उजेड त्यातून जवळजवळ सगळा पार होतो, आणि हलती तुटक धार तर मधूनमधून तो पूर्ण मोकळाच सोडते. मग परातीतल्या प्रतिबिंबाकडे बघूया असं कुणीतरी सुचवलं, पण सूर्य खाली असताना त्याची किरणं पाण्याला अगदी तिरकी लागतात आणि तेव्हाच पाणी जास्त उजेड परत फेकतं, म्हणजे तेही नको.

आणि भटजींना विचारलं तर त्यांनी मनुस्मृतीच्या चौथ्या अध्यायातला श्लोकच म्हणून दाखवला, "नेक्षेतोद्यन्तमादित्यं", उगवत्या सूर्याकडे बघू नये, मावळत्याकडे नको, ग्रहणातल्याकडे नको, पाण्यात दिसणाऱ्याकडे नको, डोक्यावरच्याकडेही नको. मला फार बरं वाटलं, कारण ज्येष्ठ बायकांना डॉक्टरांपेक्षा हे लगेच पटलं.

आपल्याकडे अजून एक अडचण आहे. गोव्यात समुद्र पश्चिमेला, सूर्य उगवतो तो सह्याद्रीच्या मागून. पंचांगात उगवण्याची वेळ सातच्या आसपास असली तरी आमच्या अंगणातून तो डोंगरावर दिसायला वीसेक मिनिटं उशीर होतो. सूर्य चार मिनिटांत साधारण एक अंश वर चढतो, म्हणजे आम्हाला पहिल्यांदा दिसतो तोवर तो पाच अंश वर आलेला असतो आणि लाल गोळा नसतो, पांढरा झगझगीत असतो. "कोवळा आहे, काही होत नाही" हे इथे लागूच होत नाही. म्हणून स्क्रिप्टमध्ये लिहिलं की पंचांगाच्या वेळेला डोंगराकडे तोंड करून अर्घ्य द्यावं, बिंब दिसायची वाट बघू नये. पावसाळ्यात तरी कुठे दिसतं? ढगाळ दिवशी तर जास्त जपायचं, अंधुक उजेडात बाहुली मोठी झालेली असते आणि ढग फाटला की सगळा उजेड एकदम आत जातो.

शेवटी ती ओळ अशी झाली, "पाणी सोडताना नजर परातीच्या काठावर ठेवा, मंत्र म्हणताना डोळे मिटा." परातीत सूर्य चमकायला लागला तर नजर जमिनीकडे घ्यायची, एवढं जोडलं.

त्याखाली डोळ्यांच्या डॉक्टरांना विचारून एक परिच्छेद टाकला, तो कापू नका असं मी एडिट करणाऱ्या मुलाला स्पष्ट सांगितलं. डोळ्याच्या पडद्याला दुखणं कळत नाही, त्यामुळे सूर्याकडे बघताना इजा होते तेव्हा काहीच जाणवत नाही, लक्षणं काही तासांनी येतात. नजरेच्या बरोब्बर मधे धूसर किंवा काळा डाग, वाचताना मधलंच अक्षर गायब, दाराची सरळ चौकट वाकडी दिसणं. असं झालं तर एकेक डोळा झाकून तपासायचं आणि त्याच दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरकडे जायचं, घरगुती थेंब घालत बसायचं नाही. काहीजणांना काही महिन्यांत सुधारणा होते, काहींचा डाग कायमचा राहतो. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेल्यांनी आणि लहान मुलांनी तर अजिबात बघू नये, मुलांच्या डोळ्याचं भिंग जास्त स्वच्छ असतं म्हणून जास्त उजेड आत जातो, आणि मुलांना आपण "बघ बघ सूर्यबाप्पा" म्हणतो ते वाक्य मी स्क्रिप्टमधून काढून "नमस्कार कर" असं केलं.