तुम्ही विचारलंत म्हणून: चिरलेला मासा आणि खोल पाणी

"सगळ्या धर्मांत सृष्टीची गोष्ट शेवटी एकच आहे, आधी सगळीकडे पाणीच पाणी होतं. मग व्याख्यानात तेवढं सरळ सांगून का टाकत नाही? लोकांना तेच लक्षात राहतं."

सांगत होते. या व्याख्यानाची पहिली संहिता लिहिली तेव्हा तिसऱ्याच परिच्छेदात हे वाक्य होतं: "बॅबिलोन असो, बायबल असो की वेद, आरंभी पाणी होतं यावर सगळ्यांचं एकमत आहे." सभागृहात या वाक्याला माना डोलायच्या. मग एकदा कार्यक्रम संपल्यावर वसईकडचे एक ख्रिस्ती गृहस्थ व्यासपीठाशी आले. पिशवीतून मराठी बायबल काढून त्यांनी 'उत्पत्ती'चा दुसरा अध्याय उघडला आणि म्हणाले, "मॅडम, हे वाचा. इथे तर थेंबसुद्धा नाही."

त्यांचं बरोबर होतं. पहिल्या अध्यायात खोल पाण्यावर अंधार पसरलेला आहे. दुसऱ्या अध्यायात मात्र देवानं अजून पाऊसच पाडलेला नाही, म्हणून शेतात झाडझुडूप उगवलेलं नाही, आणि कोरड्या जमिनीतून पाणी वर येऊन ती भिजते तेव्हा कुठे मातीचा माणूस घडतो. एका कथेत पाणी उदंड आहे आणि ते बाजूला सारल्याशिवाय जमीन दिसत नाही. दुसरीत पाण्याचीच वाट पाहायची आहे. या दोन कथा वेगवेगळ्या हातांच्या आहेत आणि पुढे एका ग्रंथात शेजारी-शेजारी ठेवल्या गेल्या, असं बहुतेक अभ्यासक मानतात. म्हणजे बायबलच्या पहिल्या दोन पानांवरच माझं 'एकमत' मोडत होतं.

त्या रात्री मी ते वाक्य खोडलं. त्याच्या जागी काय लिहायचं, हे ठरायला बराच वेळ लागला. पाणी कुठेकुठे आहे याची यादी करणं सोपं असतं. त्या-त्या कथेत पाणी करतं काय, त्याचं होतं काय, हे पाहायला लागलं की तुलना सुरू होते. म्हणून आता मी 'एनुमा एलिश'पासून सुरुवात करते आणि तिथे चांगली वीस मिनिटं थांबते.

'एनुमा एलिश' ही प्राचीन इराकमधल्या बॅबिलोनची कविता, अक्कादी भाषेतली, सात मातीच्या पाट्यांवर कोरलेली. 'एनुमा एलिश' म्हणजे 'जेव्हा वर', ही तिची पहिलीच दोन पदं. वर आकाशाला नाव नव्हतं, खाली जमिनीला नाव नव्हतं, तेव्हा दोनच होते: अप्सू, म्हणजे गोडं पाणी, आणि तियामत, म्हणजे समुद्र. त्यांची पाणी एकमेकांत मिसळलेली होती. कोकणातल्या श्रोत्यांना इथे खाडीचं तोंड आठवतं, आणि ते योग्यच आहे. इराकच्या दक्षिणेला नद्या आखाताला मिळतात तिथल्या दलदलीत हे दृश्य रोजचं, म्हणून कवीला ते तिथून सुचलं असावं असं काही अभ्यासकांचं वाचन आहे. संहितेत मी 'असावं' हा शब्द अधोरेखित करून ठेवला आहे, कारण बोलण्याच्या ओघात तो गळतो आणि अंदाजाचा निष्कर्ष होऊन बसतो.

मग या पाण्यांच्या पोटी देव जन्मतात, गोंगाट करतात, अप्सूची झोप मोडते. तो त्यांना मारायला निघतो आणि स्वतःच मारला जातो. तियामत सूडाला उठते. तिच्यासमोर तरुण मर्दुक उभा राहतो, तिच्या उघड्या तोंडात वारे असे घुसवतो की तिला तोंड मिटता येत नाही, आणि फुगलेल्या पोटात बाण सोडतो. त्यानंतर तो तिला दुभागतो. कशासारखा, तर वाळत घालायच्या माशासारखा. ही उपमा पाटीवरचीच आहे, माझी नाही. मासा उभा चिरून उघडायचा आणि उन्हात पसरायचा, हे ज्यांनी पाहिलंय त्यांना मी वेगळं काही समजावत नाही. चिरलेल्या अर्ध्या भागाचं आकाश होतं, आणि आतलं पाणी निसटू नये म्हणून मर्दुक तिथे पहारेकरी नेमतो.

हे कशासाठी रचलं, हे पुढच्या पाट्यांत दिसतं. तियामतच्या सेनापतीच्या, किंगूच्या रक्तातून माणूस घडवला जातो, देवांचे कष्ट त्यानं उपसावेत म्हणून. देव बॅबिलोन बांधतात. मर्दुकला पन्नास नावं मिळतात. ही कविता नववर्षाच्या अकितू उत्सवात चौथ्या दिवशी मर्दुकच्या मूर्तीसमोर म्हटली जाई. सृष्टी कशी झाली हे ती सांगते खरी, पण तिचा जीव अडकलेला आहे तो आपल्या शहराचा देव सगळ्यांचा राजा कसा झाला यात. ही बाजू गाळून फक्त 'आधी पाणी होतं' एवढंच उचललं, तर कवितेचं सालपट हातात येतं.

आता बायबलचा पहिला अध्याय. त्यातल्या खोल पाण्याला हिब्रूत 'तेहोम' म्हणतात. तेहोम, तियामत. कान लगेच टवकारतात. १८७६ मध्ये जॉर्ज स्मिथनं या पाट्यांचं भाषांतर प्रसिद्ध केलं, आणि १८९५ मध्ये हर्मान गुंकेल या जर्मन पंडितानं मांडलं की बायबलच्या कथेमागे बॅबिलोनची हीच लढाई आहे. बायबलनं गोष्ट बॅबिलोनहून उचलली, हे आजही छातीठोकपणे सांगितलं जातं. मीही सांगितलं आहे.

अडचण एका अक्षराची आहे. ती समजावायला मी फळ्यावर दोन शब्द लिहिते: मराठी 'हात' आणि हिंदी 'हाथ'. दोन्ही संस्कृत 'हस्त'पासून आले, मधे प्राकृतात 'हत्थ' होतं. मराठीत त्यातला महाप्राण, म्हणजे 'थ'मधला 'ह'चा श्वास गेला, हिंदीत राहिला. आता कुणी म्हणालं की हिंदीनं हा शब्द मराठीतून उचलला, तर आपण विचारू, मग 'थ' कुठून आला? मराठीकडे तर तो उरलाच नव्हता. तेहोमचं तसंच आहे. अक्कादीनं 'ह' केव्हाच टाकून दिला होता, म्हणून तियामतमध्ये तो नाही. हिब्रूत तो आहे, आणि तियामतच्या शेवटचा स्त्रीलिंगी 'त' हिब्रूत नाही. तेव्हा तेहोम ही तियामतची लेक नव्हे. अक्कादी आणि हिब्रू या दोन्ही सेमिटिक कुळातल्या भाषा, आणि दोघी त्या कुळातल्या एका जुन्या शब्दाच्या नाती. अरबस्तानच्या तांबड्या समुद्रालगतच्या किनारपट्टीला तिहामा म्हणतात, तीही त्याच कुळातली समजली जाते.

भर म्हणजे १९२९ पासून सीरियाच्या किनाऱ्यावर उगारित इथे पाट्या निघू लागल्या. त्यांत बआल नावाचा देव आणि यम्म, म्हणजे समुद्र, यांची लढाई आहे. समुद्राशी झुंजणारा देव शोधायला इस्राएलच्या कवींना बॅबिलोनपर्यंत जायची गरज नव्हती, तो शेजारीच होता. बायबलमध्येही त्याच्या खुणा आहेत: ७४ व्या स्तोत्रात देव समुद्र दुभागतो आणि लिव्याथान या समुद्री राक्षसाची डोकी ठेचतो. पहिल्या अध्यायात मात्र लढाई नाही. देव बोलतो, पाण्याच्या मधोमध घुमट घालतो, वरचं पाणी वर, खालचं खाली. पाणी विरोध करत नाही, ते कुणाची आई नाही, त्याला नावागावाचा राग नाही. बहुतेक अभ्यासक हा अध्याय ज्यूंच्या बॅबिलोनमधल्या बंदिवासाच्या आगेमागे, म्हणजे इ.स.पू. सहाव्या शतकाच्या सुमाराला ठेवतात. मर्दुकची कथा त्या काळी ठाऊक असण्याची शक्यता दाट आहे. पण ठाऊक असणं वेगळं आणि शब्द उचलणं वेगळं. हा फरक सांगायला मला सात मिनिटं लागतात आणि मी एकही कमी करत नाही.

ऋग्वेदाकडे मी शेवटी येते, कारण तिथे श्रोत्यांना वाटतं हे आपलं, हे माहीत आहे. नासदीय सूक्त, दहाव्या मंडलातलं १२९ वं, सात ऋचांचं. दूरदर्शनवरच्या एका जुन्या मालिकेमुळे त्याच्या हिंदी ओळी अनेकांना पाठ आहेत. मी पहिल्या ऋचेचा शेवट हळू म्हणते: 'अम्भः किमासीद् गहनं गभीरम्'. आणि विचारते, यात पाणी आहे का? हो म्हणून आवाज येतात. मग 'किम्'वर बोट ठेवते. पाणी होतं का, गहन, खोल? ऋषी विचारतो आहे.

तिसऱ्या ऋचेत विधान येतं: 'तम आसीत् तमसा गूळ्हमग्रे, अप्रकेतं सलिलं सर्वमा इदम्'. अंधार अंधारानं झाकलेला, आणि हे सगळं म्हणजे 'अप्रकेत सलिल', ज्यात कशाचीच खूण पटत नाही असं. काही भाषांतरकार इथे साधं पाणी म्हणतात, काही नुसता आकारहीन प्रवाह. मी दोन्ही सांगते आणि पुढे जाते. महत्त्वाचं हे की या सलिलाला कुणी मारत नाही, चिरत नाही, दूर सारत नाही. त्यातलं 'एक' तपाच्या सामर्थ्यानं, उष्णतेनं जन्मतं. देवही नंतरचे, असं सहावी ऋचा स्पष्ट म्हणते, त्यामुळे मर्दुकला इथे जागाच नाही.

याच दहाव्या मंडलात पुरुषसूक्त आहे. तिथे पुरुषाचे अवयव वेगळे होऊन डोळ्यातून सूर्य आणि मनातून चंद्र होतो. तियामतशी खरी तुलना करायची तर ती याच्याशी. पूर्वी मी त्यासोबत चीनचा पांगू आणि उत्तर युरोपचा यमीरही घेत असे. ते दोन्ही आता काढले. पन्नास मिनिटांत चार देहांचे तुकडे सांगितले की लोकांच्या हाती नुसते तुकडेच राहतात.

संहितेचा आताचा तिसरा परिच्छेद असा आहे: "तीन कथांत पाणी आहे. पहिलीत ते आई आहे आणि तिला मारावं लागतं. दुसरीत ते सामान आहे आणि ते लावावं लागतं. तिसरीत ते होतं का, इथूनच प्रश्न आहे. चौथी कथा दुसरीच्या शेजारच्या पानावर आहे आणि तिथे पाणी नाही." हे वाचताना माना कमी डोलतात, पण नंतर प्रश्न येतात.

मागच्या खेपेला एका बाईंनी विचारलं, माशाच्या एका भागाचं आकाश झालं, मग उरलेल्याचं काय? ते मी सांगितलंच नव्हतं. पाचवी पाटी बराच काळ फार मोडकी होती, पुढे मिळालेल्या तुकड्यांनी ती भरत गेली. तिच्यात आहे: तियामतच्या डोक्यावर डोंगर रचला, आणि तिच्या दोन डोळ्यांतून युफ्रेटिस आणि टायग्रिस वाहू लागल्या. ती ओळ आता मी वीस मिनिटांच्या शेवटी वाचते.