बारा पॉइंट शून्य

"सर, पत्रात एक शून्यच तर वाढवायचं होतं. का नाही वाढवलंत?"

ज्यांनी हा प्रश्न विचारलाय ते सगळे ग्राउंडवरचेच आहेत. मुलगी कोण, वडील कोण, सगळं त्यांना माहीत आहे. तरी ते पुन्हा पुन्हा विचारतात, म्हणून यावेळी पूर्ण सांगतो. मुलगी माझ्याकडे शंभर मीटर पळते, जिल्हा स्पर्धेत तिचं टायमिंग 12.0 आलं होतं, आणि पत्र मी तिचा कोच म्हणून अमेरिकेतल्या कॉलेजच्या शिष्यवृत्तीसाठी लिहिलेलं.

स्टॉपवॉचने घेतलेलं टायमिंग एका दशांशापर्यंत लिहितात: 12.0. इलेक्ट्रॉनिक टायमिंग शतांशापर्यंत लिहितात: 12.00. दुसरं शून्य लिहिलं की वाचणारा समजतो, हे मशीनने मोजलंय. अमेरिकेतल्या कॉलेजचा कोच हातचं टायमिंग दिसलं की शंभर मीटरला सरळ 0.24 सेकंद वाढवतो, म्हणजे 12.0 चे त्याच्या लेखी 12.24 होतात. 12.00 ला तो काहीच वाढवत नाही. शंभर मीटरमध्ये पाव सेकंद म्हणजे जवळजवळ दोन मीटर. तुम्ही ज्याला 'एक शून्य' म्हणता, ते दोन मीटर आहेत आणि ते तिने पळलेले नाहीत.

बरं, ते 12.0 तरी कसं आलं? जिल्हा स्पर्धेत स्टार्ट क्लॅपरवर होता. टाइमकीपरने क्लॅपरच्या फळ्या एकमेकींवर आपटताना बघून बटण दाबायचं असतं, आवाज ऐकून नाही, कारण आवाजाला शंभर मीटर यायला 0.29 सेकंद लागतात. त्या दिवशी फिनिशला उभे असलेले आवाजावर दाबत होते. मी तिथेच होतो. वाऱ्याचं मीटर नव्हतंच, त्यामुळे पाठीमागून वारा किती होता ते कुणालाच सांगता येणार नाही. त्याच मोसमात राज्य स्पर्धेत, सिंथेटिक ट्रॅकवर, इलेक्ट्रॉनिक टायमिंगने ती 12.34 पळाली, समोरून 0.9 चा वारा असताना. एका पालकाने मोबाइलवर जिल्ह्याची रेस घेतली होती, सेकंदाला 60 फ्रेमवर. मी घरी बसून फ्रेम मोजल्या. पाय पहिल्यांदा हलल्यापासून धड रेषेवर येईपर्यंत 12.15, आणि त्यात इशारा झाल्यावर हलायला लागणारा वेळ धरला तर 12.3 च्या पुढे. म्हणजे राज्य स्पर्धेतलं टायमिंग वाईट दिवसाचं नव्हतं. तिचा खरा वेगच तेवढा होता.

हे मी तिच्या वडिलांना सांगितलं ती संध्याकाळ मला अजून सोडत नाही. ते वागळे इस्टेटमधली पहिली पाळी संपवून थेट ग्राउंडवर आले होते. हातात एजंटचा फॉर्म. वेळेच्या रकान्यात दोन दशांश लिहायला जागा होती आणि एजंटने 12.00 भरून ठेवलं होतं. कोचच्या पत्रातला आकडा फॉर्मशी जुळला पाहिजे, एवढंच त्यांचं म्हणणं होतं. मी म्हटलं, "दादा, मी 12.0, स्टॉपवॉच, असं लिहितो आणि खाली 12.34, इलेक्ट्रॉनिक, वाऱ्यासकट लिहितो." ते म्हणाले, "सर, दोन लिहिलेत तर ते खालचंच वाचणार." बरोबर बोलत होते. मी त्यांना पटवायला लागलो, राज्य स्पर्धेचे निकाल सगळ्यांना बघता येतात, तिथला कोच ते शोधणारच. ते मध्येच थांबवून म्हणाले, "त्या दुसऱ्या क्लबच्या पोराचा नाही शोधला." त्यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. त्या मुलाच्या कोचने स्टॉपवॉचचा आकडा शतांशात लिहिला होता आणि तो मुलगा अमेरिकेला गेला, हे आख्ख्या ठाण्याला माहीत आहे.

मग ते हात जोडून म्हणाले, "तुमच्या हाताने पोरीचं अडवू नका." ती तिथेच पायरीवर बसून स्पाइक्स काढत होती. इतका वेळ तिने मान वर केली नव्हती. तेव्हा केली आणि विचारलं, "सर, मग मी नक्की किती पळते?" मी म्हटलं, "12.34." तिला 12.0 वालीच मुलगी म्हणून सगळे ओळखत होते, मीही कधी ग्राउंडवर ते खोडून काढलं नव्हतं. तिने स्पाइक्स पिशवीत टाकले आणि वडिलांना म्हणाली, "चला."

मी पूर्वी स्वतःच म्हणायचो, पोर आधी तिथे पोचू दे, पुढचं पुढे बघता येईल. ट्रॅक मिळाला, फिजिओ मिळाला, नीट खायला मिळालं तर 12.34 चे बारा होतातही. हा विचार अजून मला खोटा वाटत नाही. पण अनेक कॉलेजांत शिष्यवृत्तीची मदत एका वर्षाची असते, वाढवायची की नाही ते दरवर्षी ठरतं. 12.00 च्या बळावर गेलेली मुलगी पहिल्याच मीटमध्ये 12.3 पळाली, तर तिच्याकडे कुणी 'सुधारतेय' म्हणून बघणार नाही. आणि माझ्या सहीचं पुढचं पत्र त्या कोचने वाचलं तर मागच्या आकड्यासकट वाचेल. त्या पत्रात दुसऱ्याच कुणाची तरी पोर असेल.

आकडा मी फुगवला नाही, पण नुसता आकडा लिहून थांबलोही नाही, हे कुणी विचारत नाही. ती मातीच्या ग्राउंडवर पळते. जून ते सप्टेंबर तिथे चिखल असतो, म्हणून ते महिने ती येऊरच्या चढावर आणि स्टेडियमच्या पायऱ्यांवर काढते. ब्लॉक्सवरून सुटायचा सराव फारच थोडा, म्हणून पहिले तीस मीटर कच्चे आहेत. साठ मीटरनंतर तिचा वेग इतरांइतका घसरत नाही, म्हणून दोनशेचा विचार करा. वजनं उचलायला तिने गेल्याच वर्षी सुरुवात केली. दोन मोसमांपूर्वी इलेक्ट्रॉनिकवर 12.9 होती. हे सगळं मी लिहिलं. 'मेहनती, शिस्तप्रिय, गुणी' यातला एक शब्दही नाही, कारण तो प्रत्येक पत्रात असतो. कोचला बघायचं असतं की ही मुलगी अजून किती सुधारू शकते, आणि ते सांगणारा माणूस फक्त मीच होतो.

उत्तर आलं. पत्राबद्दल आभार मानले होते, मोकळेपणाने लिहिल्याबद्दल विशेष. शिष्यवृत्ती नाही. बाराच्या आसपास इलेक्ट्रॉनिक आलं तर पुन्हा कळवा, असं होतं. तिथे कोचकडे थोड्याच पूर्ण शिष्यवृत्त्या असतात आणि तो त्या तुकड्यांत वाटतो. तो तुकडा दुसऱ्या कुणाला तरी गेला.

ती आता इथल्याच कॉलेजकडून पळते, दोनशे जास्त. माझ्याकडे येते, पण पूर्वीइतकं बोलत नाही. वडील ग्राउंडवर येत नाहीत. तो दुसऱ्या क्लबचा मुलगा अजून तिथेच आहे आणि त्याची मदत टिकली आहे, हे कसं ते मला कुणी समजावून सांगितलं तर ऐकायची माझी तयारी आहे. या महिन्यात एका लांब उडीवाल्याचं पत्र लिहायचंय. त्याची सगळ्यात मोठी उडी वाऱ्याच्या मीटरशिवायची आहे. त्याच्या आईला मी काल फोनवर तसं सांगितलं, त्या अजून काही बोललेल्या नाहीत.