शिफ्ट रिपोर्टमधले टक्के उलटे फिरवून तपासले, तो माझा अनुभव

बेळगावात उद्यमबागेतल्या एका मशीन शॉपमध्ये मी क्वालिटीचं रेकॉर्ड बघते. आमच्याकडे फौंड्रीतून कास्टिंग येतं, सीएनसीवर टर्निंग आणि बोअर होतो, तपासणी होऊन माल पार्टीकडे जातो. पार्टीने दर आठवड्याला यील्ड, रिजेक्शन आणि एफिशियन्सीचे आकडे मागायला सुरुवात केली तेव्हा मालकांनी सांगितलं, "सही करायच्या आधी तू एकदा आकडे बघून दे." तपासायचं म्हणजे नक्की काय, ते कुणी सांगितलं नव्हतं. बेअरिंग हाउसिंगच्या एका दिवसपाळीवर मी ते कसं केलं, ते सविस्तर लिहिते. आपल्याकडच्या पुष्कळ शॉपमध्ये रिपोर्ट याच पद्धतीने भरला जातो.

त्या पाळीच्या रिपोर्टमध्ये घेतलेले जॉब २००, चांगले १७८, स्क्रॅप ९ असं होतं. पुढे यील्ड ९५.२ टक्के, रिजेक्शन ४.८ टक्के, एफिशियन्सी ९३ टक्के. यील्ड आणि रिजेक्शनची बेरीज बरोबर १०० येते, म्हणून बघणाऱ्याला शंकाच येत नाही. पण २०० पैकी १७८ चांगले म्हणजे ८९ टक्के. मग ९५.२ आले कुठून?

इथे मला एक साधी युक्ती उपयोगी पडली. टक्का दिलेला असेल तर तो उलटा फिरवायचा, म्हणजे वेगवेगळ्या छेदांना त्या टक्क्याने गुणून कुठे पूर्ण जॉब मिळतो ते बघायचं. २०० चे ४.८ टक्के म्हणजे ९.६ जॉब. ९.६ जॉब कधी स्क्रॅप होत नाहीत, तेव्हा छेद २०० नाही. मग चांगले आणि स्क्रॅप एवढीच बेरीज घेतली, १७८ अधिक ९, म्हणजे १८७. १८७ चे ४.८ टक्के ८.९८, म्हणजे ९. जुळलं. यील्डही तसंच, १८७ चे ९५.२ टक्के १७८.०२. कॉम्प्युटरवर शीट उघडली तर सेलमध्ये हेच निघालं:

```
=C5/(C5+D5)
```

C मध्ये चांगले, D मध्ये स्क्रॅप. B मध्ये घेतलेले जॉब होते, पण त्या कॉलमला सूत्राने हातच लावला नव्हता. अशा सूत्रात दोन्ही टक्क्यांची बेरीज नेहमी १०० च येणार, मग तेरा जॉब हरवलेले असोत की तीस. म्हणून बेरीज १०० आली यावर माझा आता विश्वास नाही.

२०० मधून १८७ वजा केले तर १३ राहतात. ते कुठे आहेत हे कागदावर कळणार नव्हतं, म्हणून मी शॉपफ्लोअरवर गेले. तपासणीच्या टेबलाशेजारच्या क्रेटमध्ये ११ जॉब होते, मशीनिंग झालेले पण अजून न तपासलेले. पिवळ्या ट्रेमध्ये ८ जॉब रिवर्कसाठी ठेवलेले. एकूण १९. कागदावर १३ आणि जागेवर १९, म्हणजे सहा जॉब उलट जास्त निघाले. सुपरवायझर मामा म्हणाले, "अगं, रात्रीचे नाहीत काय? त्यांची वही बघ की." रात्रपाळीचा ऑपरेटर शेरे कन्नडमध्ये लिहितो. सहा जॉब तपासायचे राहिलेत, असं त्याने रजिस्टरच्या कडेला लिहून ठेवलं होतं. रिपोर्टमध्ये मात्र आदल्या पाळीच्या शिल्लकीला कॉलमच नव्हता.

तेव्हा हिशोब असा लागला. आरंभीची शिल्लक ६, त्यात घेतलेले २००, एकूण २०६. दुसऱ्या बाजूला चांगले १७८, स्क्रॅप ९, रिवर्क ८, अखेरची शिल्लक ११, तेही २०६. ही दोन्ही अंगं जुळल्याशिवाय टक्क्यांकडे मी आता बघतच नाही. खालचा हिशोब जुळत नसेल तर वरचा टक्का कितीही नेटका दिसला तरी त्याला आधार नाही.

जुळल्यावर पुढचा प्रश्न होता छेद कुठला घ्यायचा. घेतलेले २०० घ्यावेत, तर त्यातले ११ अजून तपासलेलेच नाहीत. ते चांगले का वाईट हे कुणालाच माहीत नाही, आणि चांगल्यांत आदल्या रात्रीचे जॉबही आले आहेत. म्हणून ८९ टक्केही खरं नव्हे. त्या पाळीत प्रत्यक्ष तपासले गेले १७८, ९ आणि ८ मिळून १९५. तोच छेद धरला. पहिल्या फेरीत पास १७८, म्हणजे ९१.३ टक्के. स्क्रॅप ९, म्हणजे ४.६ टक्के. रिवर्क ८, म्हणजे ४.१ टक्के. रिपोर्टमधला ९५.२ आणि हा ९१.३ यांत जो फरक आहे, तो सगळा त्या पिवळ्या ट्रेमधला आहे.

रिवर्कला मी इतकं धरून बसले त्याचं कारण गेज लावताना समजतं. प्लग गेजची गो बाजू बोअरमध्ये शिरली नाही, तर बोअर लहान राहिलाय, परत कापता येतो. नो-गो बाजू आत गेली, तर बोअर मोठा झाला आणि जॉब गेला. पहिला प्रकार पिवळ्या ट्रेत, दुसरा लाल पेटीत. पण पिवळ्या ट्रेतला जॉब वाचलेला नसतो, तो फक्त अजून मेलेला नसतो. दुसऱ्या दिवशी त्या ८ पैकी ६ पास झाले आणि २ परत कापताना मोठे झाले. म्हणजे त्या १९५ जॉबचा शेवटचा हिशोब १८४ चांगले, ११ स्क्रॅप, यील्ड ९४.४ टक्के. पार्टीला मी आता दोन्ही आकडे देते, पहिल्या फेरीचा आणि शेवटचा. मात्र रिवर्कमधून आलेले ६ जॉब दुसऱ्या दिवसाच्या पहिल्या फेरीच्या चांगल्यांत मिसळायचे नाहीत. नाहीतर तो दिवस फुकटचा चांगला दिसतो, आणि परत मशीनवर चढवताना कुणी तेच जॉब 'घेतलेले' मध्ये लिहिले तर ते दोनदा मोजले जातात.

लाल पेटीतल्या ९ जॉबचीही एक गोष्ट आहे आणि बेळगावात ती टाळता येत नाही. त्यातल्या सहांमध्ये वरचा थर कापल्यावर ब्लोहोल उघडे पडले होते. हे सीआर, म्हणजे कास्टिंगचं रिजेक्शन, फौंड्रीच्या खात्यात जातं आणि त्याची डेबिट नोट निघते. उरलेल्या तिघांचा बोअर मोठा झाला होता, ते एमआर, आमचं रिजेक्शन. काही जण सीआर काढून टाकून फक्त एमआर दाखवतात. तसं दाखवायला माझी ना नाही, ते वेगळं लिहावंच. पण वरच्या ९ मधून ६ काढले तर खालच्या १९५ मधूनही ते ६ काढायला हवेत. १८९ पैकी ३ म्हणजे १.६ टक्के. शिवाय शेजारी सीआरचा आकडा असायलाच हवा, कारण ब्लोहोल सापडेपर्यंत मशीनची मिनिटं आणि इन्सर्टची धार आमचीच खर्च झालेली असते. ते सहा जॉब मी भंगारात टाकू दिले नाहीत. ब्लोहोलभोवती खडूने गोल करून, तारीख आणि हीट नंबर लिहून वेगळे ठेवले. डेबिट नोटवर सहा लिहायचे तर दाखवायलाही सहा हवेत.

राहिली एफिशियन्सी. पाळी ४८० मिनिटांची, जेवणाची ३० आणि दोन चहांची २० वजा जाता ४३० मिनिटं. लोडिंग-अनलोडिंग धरून एका जॉबला २ मिनिटं ठरलेली, म्हणजे २१५ जॉब व्हायला हवेत. २१५ चे ९३ टक्के १९९.९५, म्हणजे २००. उलटं फिरवल्यावर लगेच कळलं की इथे घेतलेले जॉब वर ठेवलेत, स्क्रॅप आणि रिवर्कसकट. मशीन किती चालली हे बघायला तो आकडा चालेल. पण पार्टी विचारते माल किती मिळाला ते, आणि चांगले १७८ धरले तर ८२.८ टक्के येतात. त्या पाळीत इन्सर्ट बदलताना आणि वीज गेली तेव्हा मिळून २० मिनिटं मशीन बंद होती. ती वजा करून ४१० मिनिटांवर हिशोब मांडला तर २०५ जॉबपैकी २००, म्हणजे ९७.६ टक्के. एकाच पाळीचे तीन आकडे, आणि तिन्हींचा गुणाकार-भागाकार बरोबर. म्हणून रिपोर्टवर आता आकड्याच्या बाजूला एक ओळ असते: वर काय, खाली किती मिनिटं.

घेतलेले २०० हे तरी खरे का, हे बघायला मशीनच्या स्क्रीनवरचा पार्ट काउंटर पाहिला. तो २०३ दाखवत होता. ऑपरेटरला विचारलं तर म्हणाला, इन्सर्ट बदलल्यावर ऑफसेट देऊन तीन वेळा तोच जॉब परत कापला होता. काउंटर प्रोग्रॅम संपला की एक वाढवतो, जॉब नवा की जुना हे त्याला कळत नाही. तेव्हा काउंटर आणि रजिस्टर यांत थोडा फरक असणारच, पण त्या फरकाचं कारण लिहिलेलं हवं. स्टोअरमधून किती कास्टिंग दिली आणि किती उरली, हा तिसरा आकडा बघितला की २०० वर शिक्कामोर्तब झालं.

शीटमध्ये मी नवे कॉलम घातले: B आरंभीची शिल्लक, C घेतलेले, D चांगले, E स्क्रॅप, F रिवर्क, G अखेरची शिल्लक. पहिलं सूत्र ताळ्याचं, त्याचं उत्तर शून्यच यायला हवं. दुसरं पहिल्या फेरीच्या यील्डचं:

```
=B5+C5-D5-E5-F5-G5
=D5/(D5+E5+F5)
```

मामांनी सुरुवातीला कुरकुर केली, कारण पाळी संपताना क्रेट आणि ट्रे मोजायला लागतात. त्यांचं म्हणणं अगदी खोटं नव्हतं, त्या वेळी हात धुवून बस गाठायची घाई असते. मग आम्ही क्रेटला खाचे पाडून घेतले, एका क्रेटमध्ये ठरावीकच जॉब बसतात, म्हणजे डोळ्यांनीच मोजता येतं.

आठवड्याच्या बेरजेत एक गोष्ट बदलली. आधी रोजच्या टक्क्यांची सरासरी काढत होते. एका दिवशी सेटिंग बदलल्यामुळे ४० च जॉब तपासले गेले आणि ३० पास झाले, म्हणजे ७५ टक्के. तो ७५ आणि वरचा ९१.३ यांची सरासरी ८३.१ येते. पण दोन्ही दिवस मिळून २३५ तपासले आणि २०८ पास झाले, म्हणजे ८८.५ टक्के. आता आधी जॉबची बेरीज होते आणि भागाकार शेवटी एकदाच.

पार्टीकडे पहिला दुरुस्त रिपोर्ट गेला तेव्हा यील्ड आदल्या आठवड्यापेक्षा कमी दिसत होता. मालकांनी सोबत छेद बदलल्याचं पत्र जोडलं आणि जुन्या आठवड्यांचे आकडेही नव्या पद्धतीने काढून द्यायला सांगितलं. जिथे रात्रपाळीच्या वहीत शिल्लक लिहिलेली होती तेवढेच आठवडे काढता आले. बाकीच्यांपुढे मी 'ताळा जुळत नाही' असं लिहून दिलं आणि त्यावर त्यांनी तशीच सही केली.