बाटलीतला फिल्टर, तिसरा प्रयत्न: लाल पाणी एकदाचं नितळलं

भाच्याच्या शाळेत सायन्स एक्झिबिशन आहे म्हणून दोन लिटरच्या बाटलीचा फिल्टर कराय घेतला होता. बाटलीचा बूड कापून ती उलटी टांगली, बुचाला खिळ्यानं एक भोक, आत सुती कापड, त्यावर बारीक खडी, मग इस्त्रीवाल्याकडचा कोळसा कुटून, मग बारीक वाळू, आणि वर जाडी वाळू. पहिल्या दिवशी खालून काळंच पाणी आलं, कारण कोळसा धुतलाच नव्हता! वाळू सात पाण्यांनी धुतली तेव्हा कुठं वरचं पाणी नितळ दिसलं.

पण खरी अडचण पुढंच होती. पाणी आणलं खानापूरकडच्या शेतातल्या डबक्यातलं, जांभ्याच्या लाल मातीचं, आणि ते गाळून निघालं तरी चहात दूध कमी पडल्यासारखं तांबूसच. भाचा म्हणाला, मामा, वाळू आणखी घालूया की. घातली, फरक शून्य. कारण ही चिकणमाती इतकी बारीक असते की वाळूच्या फटीतनं आरामात जाते, आणि कणांवर सारखाच ऋण भार असल्यामुळं ते एकमेकांना ढकलत राहतात, बुडाला बसतच नाहीत.

मग आईनं तुरटी आठवून दिली, पूर्वी हंड्यात फिरवायचे ती. फक्त अंदाजानं फिरवली तर एक्झिबिशनमध्ये सांगणार काय, म्हणून सोनाराच्या काट्यावर एक ग्रॅम मोजून घेतली, 100 मिली पाण्यात विरघळवली, आणि औषधाच्या सिरिंजनं एक लिटर लाल पाण्यात 5 मिली सोडली, म्हणजे 50 मिलिग्रॅम. एक मिनिट जोरात ढवळलं, मग पाच मिनिटं अगदी हळू (इथं घाई केली की झालेल्या गुठळ्या परत फुटतात, आमच्या एकदा फुटल्याच). थोड्या वेळानं काचेत पोहे तरंगावेत तसे लाल कण दिसाय लागले आणि अर्ध्या तासात तळाला बसले, वरचं पाणी हळूच फिल्टरमध्ये ओतलं.

पाणी किती नितळ झालं ते मोजायला बरणीखाली कागदावर काळी फुली काढली, पाणी ओतत जायचं, फुली दिसेनाशी झाली की पट्टीनं उंची बघायची. मूळ पाणी 3 सेंमी, नुसत्या फिल्टरचं 7, तुरटी घालून गाळलेलं 22 सेंमीची बरणी भरली तरी फुली स्पष्ट.

पाणी ओतताना वाळूत खड्डा पडून सगळं त्याच वाटेनं पळायचं, तिथं भोकं पाडलेलं डब्याचं झाकण वर ठेवलंय. टीडीएस मीटरचा आकडा मात्र गाळल्यावर खाली आला नाही, विरघळलेले क्षार वाळूला काय धरणार? आणि जंतूही वाळूतनं आरपार जातात, म्हणून बाटलीवर ‘पिऊ नये’ असं मोठ्या अक्षरात मराठीत आणि कन्नडमध्ये चिकटवलंय, परीक्षक चाखून बघतील म्हणून. चार लिटर गाळल्यावर धार मंदावली, वरची बोटभर वाळू काढून धुतली की परत चालू होते.