आमची वाटचाल: हॉट प्लेटवरची बॅच आणि ५० अंशांचा हट्ट

कुपवाड एमआयडीसीतलं आमचं युनिट केमिकल इंजिनिअरिंगच्या कॉलेजांना प्रयोगशाळेचे सेटअप पुरवतं. सुरुवात झाली ती काचेचे रिअ‍ॅक्टर, स्टँड आणि थर्मोस्टॅटवाल्या हॉट प्लेटपासून. आज सगळ्यात जास्त चालतो तो बॅच रिअ‍ॅक्टरचा छोटा सेट: अर्धा लिटर द्रव, ६०० वॉटची प्लेट, स्टरर, थर्मोकपल आणि पीआयडी. या सेटसाठी विद्यार्थ्यांचे फोन अजून येतात, म्हणून तो इथपर्यंत कसा आला ते लिहितो.

कॉलेजांची तक्रार ठरलेली असायची. एथिल अ‍ॅसिटेट आणि सोडियम हायड्रॉक्साइडचं सॅपोनिफिकेशन ३०, ४० आणि ५० अंशांना करायचं आणि त्यावरून अ‍ॅक्टिव्हेशन एनर्जी काढायची, हा नेहमीचा प्रयोग. आलेखावर पहिले दोन बिंदू बरे बसायचे, तिसरा मात्र भलतीकडे. थर्मोस्टॅट ५० ला प्लेट बंद करायचा खरा, पण तोवर प्लेट द्रवापेक्षा कितीतरी तापलेली असायची. ती साठलेली उष्णता खाली उतरणार कुठे? सगळी द्रवातच. पारा ५६ वर. या अभिक्रियेची अ‍ॅक्टिव्हेशन एनर्जी मोलमागे ४८ किलोज्यूलच्या आसपास धरली, तर त्या ६ अंशांनी वेग जवळजवळ ३८ टक्क्यांनी वाढतो. अशाने सरळ रेषा कुठली यायला!

म्हणून पीआयडी आलं, म्हणजे तापमानाच्या फरकानुसार प्लेटचं आउटपुट कमी-जास्त करणारा कंट्रोलर. थर्मोकपल के टाइप, त्यापुढे मॅक्स ६६७५ ही चिप, आणि प्लेटच्या वाटेत सॉलिड स्टेट रिले. रिले २ सेकंदांच्या खिडकीत चालतो: १३ टक्के आउटपुट म्हणजे दर २ सेकंदांत पाव सेकंद प्लेट चालू. थर्मोकपल द्रवातच, काचेच्या थर्मोवेलमध्ये ग्लिसरीनचे थेंब टाकून. वेल कोरडी ठेवली की आतल्या हवेमुळे आकडा मागे रेंगाळतो. टोक तळाला टेकलं असेल, तर ओळखायची सोपी खूण अशी की स्टरर थांबवताच आकडा झपाट्याने चढतो.

खरं डोकं खाल्लं ते ट्यूनिंगने. पुस्तकात झीगलर आणि निकोल्स यांची १९४२ ची पद्धत असते. त्यात लूप मुद्दाम झोके घेईपर्यंत गेन वाढवायचा. पण आमच्याकडे गरम करायला प्लेट आहे, थंड करायला काहीच नाही. चढताना ७ अंश मिनिटाला आणि उतरताना जेमतेम एक, असे लंगडे झोके मोजून हाती काय लागणार? दुसरा मार्ग स्टेप टेस्टचा. आउटपुट बदलायचं, तापमान स्थिरावेपर्यंत थांबायचं. आमच्या सेटचा टाइम कॉन्स्टंट साधारण २० मिनिटांचा, म्हणजे नीट स्थिरावायला तासाभराहून जास्त. दोन तासांच्या प्रॅक्टिकलमध्ये ते बसत नाही.

यातून वाट निघाली ती नॉर्वेच्या सिगुर्ड स्कोगेस्टाड यांच्या २००३ मधल्या नियमांनी. ते वाचताना लक्षात आलं, की आपल्यासारख्या सुस्त सेटला स्थिरावलेलं तापमान लागतच नाही. सुरुवातीचा चढ आणि डेड टाइम एवढंच पुरतं. आता विद्यार्थी असं करतात: द्रव ३० अंशांना, स्टरर चालू, आउटपुट एकदम २० टक्के. पहिलं मिनिटभर आकडा हलत नाही, कारण उष्णता आधी प्लेटमध्ये मुरते. हा डेड टाइम, १ मिनिट. त्यानंतर लगेच चढ मोजायचा. आमच्या सेटवर तो मिनिटाला १.५ अंश येतो. उशीर केला तर बाहेर जाणाऱ्या उष्णतेमुळे चढ मंदावतो आणि गेन फुगून येतो. चढाला २० ने भागलं की टक्क्यामागे ०.०७५ अंश प्रतिमिनिट. लूपचा टाइम कॉन्स्टंट डेड टाइमइतकाच ठेवला, तर:

```
Kc = 1 / (0.075 * (1 + 1)) = 6.67
Ti = 4 * (1 + 1) = 8 min
```

पाच-सात मिनिटांत काम. Kc हा गेन, म्हणजे दर अंशाच्या फरकामागे ६.६७ टक्के आउटपुट, आणि Ti हा इंटिग्रल टाइम. इंटिग्रल म्हणजे फरकाची वेळेनुसार साठत जाणारी बेरीज.

हे आकडे आहेत तसे टाकून ३० वरून ५० ला सेट करा. फरक २० अंशांचा, म्हणून कंट्रोलर १३३ टक्के मागतो. प्लेट १०० च्या वर जात नाही, पण इंटिग्रल मात्र मोजतच राहतो. पूर्ण आउटपुटवर चढ मिनिटाला ७.५ अंश. डेड टाइम धरून पावणेचार मिनिटांत ५० गाठेपर्यंत इंटिग्रलमध्ये ३९ टक्के साठतात. ५० वर नुसतं टिकून राहायला लागतात १३. जादाचे २६ टक्के काढून टाकायचे, तर तापमानाला ५० च्या वर बराच वेळ काढावा लागतो. थर्मोस्टॅटने जे केलं तेच पीआयडीने केलं, फक्त महागात.

आमच्याकडचा उपाय दोन ओळींचा आहे. वेळ मिनिटांत, e म्हणजे सेटपॉइंट आणि तापमान यांतला फरक, I म्हणजे इंटिग्रल:

```
if abs(e) < 3: I = I + (Kc/Ti)*e*dt
out = min(100, max(0, Kc*e + I))
```

इंटिग्रल सेटपॉइंटच्या ३ अंशांच्या आत आल्यावरच जागा होतो. ३ च का? नुसत्या प्रपोर्शनलवर हा सेट ५० च्या सुमारे १.८ अंश खाली अडतो, कारण तेवढ्या फरकाला मिळणारे १२ टक्के आणि तिथे टिकायला लागणारे टक्के सारखेच पडतात. पट्टा १ अंशाचा ठेवला तर इंटिग्रलची पाळीच येणार नाही. ३ मध्ये तो नक्की जागा होतो आणि उरलेलं अंतर १५-२० मिनिटांत भरून काढतो. घाई असेल, तर १३ टक्के आधीच भरून सुरू करता येतं.

राहिला डी, म्हणजे डेरिव्हेटिव्ह. कॉलेजचे सर हमखास विचारतात, "पीआयडी म्हणता, मग डी शून्य का?" मॅक्स ६६७५ पाव अंशाच्या पायऱ्यांनी वाचते. डेरिव्हेटिव्ह टाइम अर्धा मिनिट ठेवला आणि दर सेकंदाला हिशोब केला, तर एका पायरीने आउटपुट ५० टक्क्यांची उडी मारतं: ६.६७ × ०.५ × ०.२५ × ६०. रिले वेड्यासारखा वाजत नाही एवढंच, पण प्लेटचा दिवा थयथयाट करतो. १० सेकंदांची सरासरी घेऊन डी चालू करता येतो, पण तेवढ्याने मिळणारा फायदा मला तरी या सेटवर दिसलेला नाही. आम्ही बटण दिलंय, ज्याला पाहायचं त्याने पाहावं.

आमच्या विष्णू मामांनी, जे वायरिंग पाहतात, एक गोष्ट माझ्याशी भांडून सेटमध्ये घालून घेतली. थर्मोकपलच्या वायरी उलट लागल्या, तर गरम होताना आकडा खाली जातो आणि कंट्रोलर आणखी जोरात तापवतो. पिवळी-लाल जोडी असेल तर लाल ऋण, हिरवी-पांढरी असेल तर पांढरी ऋण. लाल म्हणजे धन असं सवयीने धरणारे बरेच असतात. पण मामांचं म्हणणं वेगळंच होतं: "साहेब, वायर बरोबर असली तरी रिले जळताना बहुतेक शॉर्टच होतो. मग कोण बंद करणार?" म्हणून प्लेटच्या लाइनमध्ये कंट्रोलरशी संबंध नसलेला बायमेटल कटआउट आहे, हाताने रिसेट करायचा. एथिल अ‍ॅसिटेटचा फ्लॅश पॉइंट शून्याच्याही खाली असतो, त्यामुळे बाटली प्लेटजवळ ठेवायची नाही, हेही झाकणावर छापलंय. कटआउट बायपास केलेला सेट दुरुस्तीला आला, तर मामा आधी तो जोडतात आणि मगच बाकीचं उघडतात.